फ्लशच्या टाकीतला खार आणि बुळबुळ कशी काढायची? आणि त्या गोळ्या टाकाव्यात का?

निशाचर
मंडळी विषय घाणेरडा आहे पण विचारतेच. बटण दाबलं की पाणी पूर्वीपेक्षा कमी येतं म्हणून टाकीचं झाकण उघडलं आणि आत बघून शिसारीच आली. पाणी जिथपर्यंत चढतं त्या रेषेवर चहूबाजूंनी पांढरट पिवळा कडक पट्टा, नखाने खरवडला तरी ढिम्म हलत नाही. त्याच्याखाली भिंतींना तपकिरी बुळबुळीत थर, कोपऱ्यात चक्क गुलाबी, आणि फ्लोटच्या दांडीवर पण खाराचे खडे. गंमत म्हणजे आत क्लोरीनची पांढरी गोळी कायम असते, संपली की मी लगेच नवीन टाकते, त्यामुळे माझी समजूत अशी होती की आत सगळं चकाचक असणार. शिवाय रात्री सगळं शांत झालं की टाकीतून बारीक सूं सूं आवाज येतो, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का माहीत नाही. तर आता एकाऐवजी दोन गोळ्या टाकून बघू का दुसरं काही करू? टाकी सिरॅमिकची आहे, दोन बटणांची, आतलं सगळं प्लास्टिक.

आजोबा_ऑनलाइन
टाकी वर्षातून दोनदा रिकामी करून ब्रशने घासून घ्यावी. आधी तळाचा गाळ उपसून काढावा, मग भिंती घासाव्यात, मग क्लोरीनचं पाणी भरून ठेवून सोडून द्यावं. आणि आत उतरणाऱ्या माणसाबरोबर बाहेर दुसरा माणूस उभा पाहिजेच पाहिजे.

बंड्या७
आजोबा त्या कमोडमागच्या टाकीबद्दल विचारतायत, तिच्यात उतरायचं म्हटलं तर मांजरच उतरू शकेल 😄

आजोबा_ऑनलाइन
असं होय. मी छतावरची समजलो. असो, गाळ उपसायचा मुद्दा इथेही लागू आहे.

बंड्या७
निशाचर, सोपं आहे. व्हिनेगरची एक बाटली रात्री टाकीत ओत, सकाळी फ्लश कर, सगळा खार सुटून येतो. आणि गोळ्यांना उगाच नावं ठेवतात लोक, आमच्याकडे कित्येक वर्षं टाकतो, काही झालेलं नाही.

पाणक्या
थांबा थांबा. निशाचर, गोळी आत असताना व्हिनेगर अजिबात ओतू नका. क्लोरीनची गोळी आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो आणि तुम्ही नेमकं त्याच टाकीवर वाकून बघत असणार. व्हिनेगर सौम्य असतं म्हणून चालेल असं नाही, तळाशी गोळीचा अर्धवट विरघळलेला चुरा असेल तर तिथे क्लोरीन भरपूर असतो. दोन गोळ्यांचा विचार पण सोडा, उलट आहे ती काढायची आहे. बाकीचं सविस्तर लिहितो, बिल्डिंगच्या मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलंय, असल्या टाक्या पुष्कळ उघडल्यात.

आधी हे कळून घ्या की तुमच्या टाकीत दोन वेगळ्या गोष्टी साचल्यात आणि एकाच औषधाने दोन्ही जात नाहीत. पांढरा पट्टा म्हणजे जड पाण्यातला कॅल्शियमचा खार. पाणी खालीवर होतं, रेषेवरचा भाग ओला होतो आणि वाळतो, पाणी उडून जातं आणि खार मागे राहतो, म्हणून तो नेमका त्या रेषेवर कडक होतो. हा आम्लानेच विरघळतो. क्लोरीनला तो जुमानत नाही, दहा गोळ्या टाकल्या तरी जैसे थे. बुळबुळ म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती केलेला चिकट थर, त्यात पाण्यातलं लोह आणि गाळ अडकतो म्हणून तपकिरी दिसतो. ती आम्लाने नीट सुटत नाही, ती घासूनच काढावी लागते. गुलाबी पण जिवाणूच आहेत, ते ओल्या जागी हवेतून येऊन बसतात, त्यामुळे कितीही साफ केलं तरी कधीतरी परत दिसणार हे धरूनच चाला.

निशाचर
अरे बापरे, मी खरंच आज रात्री व्हिनेगर ओतणार होते. पण मग क्लोरीनने जिवाणू मरायला नकोत का? गोळी असून बुळबुळ कशी काय?

केमिस्ट्रीवाला
थराच्या वरवरचे मरतात, आतले त्या चिकट थराच्या आडोशाने वाचतात. शिवाय गोळी एका कोपऱ्यात पडलेली असते आणि दर फ्लशला बहुतेक पाणी बदलतं, त्यामुळे टाकीभर क्लोरीन सारखा नसतो. गोळीजवळ तीव्र, लांबच्या कोपऱ्यात नावापुरता, आणि पाण्याच्या रेषेच्या वर तर पोचतच नाही. आणखी एक, पाण्यात लोह असेल तर क्लोरीनमुळे ते गंजासारखं होऊन तळाशी बसतं, म्हणजे तपकिरी रंगाला थोडी गोळीचीच मदत. काही गोळ्या कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या असतात, त्यांच्यात कॅल्शियम आधीच आहे आणि त्या न विरघळणारा पांढरा चुराही मागे ठेवतात. म्हणजे खार काढायला टाकलेली गोळीच खार वाढवते.

रेवती
माझा एक प्रश्न याच संदर्भात. आमच्या टाकीत निळी गोळी असते आणि आठवड्यातून एकदा मी कमोडमध्ये ते बाथरूम क्लीनर टाकते, आम्लवालं, घट्ट असतं ते. एकदा आम्ही गावाहून आलो, मी क्लीनर टाकलं आणि थोड्या वेळाने फ्लश केलं तर असा काही भपकारा आला की डोळे चुरचुरले आणि खोकलाच सुरू झाला. मला वाटलं बंद घराचा वास असेल. तो हाच प्रकार का?

केमिस्ट्रीवाला
हो, जवळजवळ नक्कीच. निळा रंग म्हणजे क्लोरीन नाही असं नसतं. वेष्टनावर घटक बघा, नावात क्लोरो, ब्रोमो किंवा हायपोक्लोराइट असं काही असेल तर ती क्लोरीनच्याच जातीतली समजायची. रोज वापर असताना टाकीतलं पाणी सतत बदलतं त्यामुळे फार काही जाणवत नाही. तुम्ही गावाला होतात तेव्हा एकच पाणी आणि गोळी एकत्र मुरत राहिली, आणि पहिलं फ्लश थेट आम्लावर गेलं. असं झालं तर लगेच बाहेर निघायचं, दार खिडकी उघडी टाकायची, वास पूर्ण गेल्यावरच आत जायचं. घासत बसायचं नाही आणि उतारा म्हणून आणखी दुसरं क्लीनर तर मुळीच ओतायचं नाही. श्वासाला त्रास राहिला तर डॉक्टर.

रेवती
बापरे. आजच काढते गोळी.

पाणक्या
काढताना हातमोजे घाला. आणि एक महत्त्वाचं, ओली गोळी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून किंवा डब्यात झाकण लावून ठेवू नका, आत वायू कोंडतो. बादली काठोकाठ पाण्याने भरून उघड्यावर, मुलाबाळांच्या आणि कुत्र्यामांजरांच्या वाटेबाहेर ठेवा, त्यात गोळी टाका, पूर्ण विरघळली की ते पाणी कमोडमध्ये ओतून वरून भरपूर पाणी सोडा. त्या दिवशी कमोडला आम्लवालं काही लावायचं नाही.

बंड्या७
पण काका एक सांगा, आम्ही इतकी वर्षं वापरतोय, आमचं काहीच कसं नाही बिघडलं? लोक म्हणतात रबर खराब होतं वगैरे. घरातली सात माणसं वापरतात तो एकच संडास.

पाणक्या
सात माणसं, त्यातच उत्तर आहे. तुमच्याकडे तासाभरात कोणी ना कोणी फ्लश करतंच, पाणी बदलत राहतं, रबराला तीव्र पाण्यात बसून राहावं लागत नाही. हीच गोळी पाहुण्यांच्या बाथरूममध्ये टाका, जिथे दोन दोन दिवस कोणी जात नाही, तिथे रबर लवकर कामातून जातं. दुसरं म्हणजे रबर कुठलं आहे त्यावर पण आहे. सिलिकॉनचं सील बराच काळ टिकतं, जुन्या साध्या काळ्या रबराचं लवकर जातं. बाहेरून बघून फरक कळतोच असं नाही. म्हणून तुमचंही खोटं नाही आणि बाकीच्यांचंही. पण टाकीच्या आतल्या सामानाचे बरेच उत्पादक टाकीत गोळी टाकली तर वॉरंटी धरत नाहीत, माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते काही उगाच लिहीत नाहीत.

आता निशाचरच्या सूं सूं आवाजाकडे येतो. मला शंका आहे की तळाचं सील गळतंय. पाणी थोडं थोडं कमोडमध्ये झिरपतं, फ्लोट किंचित खाली येतो, इनलेट व्हॉल्व्ह किंचित उघडतो, आवाज तोच. टाकी साफ करायच्या आधी हे तपासून घ्या म्हणजे साफ करताना कुठे लक्ष द्यायचं ते कळेल. भिंतीवरचा अँगल कॉक बंद करा, पाण्याच्या पातळीला पेन्सिलने खूण करा, अर्ध्या तासाने बघा. पातळी उतरली तर तळाचं सील गळतंय. जागेवरच असेल तर कॉक उघडा आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत जातंय का बघा, जात असेल तर दोष इनलेट व्हॉल्व्हचा.

स्वरा_म
खाण्याचा रंग टाकूनही कळतं ना? टाकीत चार थेंब टाकायचे, वीसेक मिनिटं फ्लश करायचं नाही, कमोडमधल्या पाण्यात रंग उतरला की गळती.

पाणक्या
हो, उत्तम पद्धत. फक्त ज्यांच्याकडे निळी गोळी आहे त्यांना जमणार नाही, त्यांचं पाणी आधीच निळं. म्हणून निळ्या गोळीवाल्यांची गळती उशिरा लक्षात येते. एक खूण मात्र त्यांनाही दिसते, कमोडच्या मागच्या बाजूला वरून खाली एकच बारीक रेघ, पांढरी किंवा तपकिरी, कितीही घासली तरी आठवड्यात परत हजर. ती झिरपणाऱ्या पाण्याची वाट असते.

निशाचर
केलं आत्ताच. रेघ आहे! मी तिला कमोडचा डाग समजून घासत होते. पातळी अर्ध्या तासात साधारण ३ सेंटिमीटर उतरली. हे खूप आहे का?

केमिस्ट्रीवाला
टाकीची आतली लांबी रुंदी सांगा, हिशोब करू.

निशाचर
पट्टी धरून मोजली, ४० बाय १५ सेंमी अंदाजे. कोपरे गोल आहेत.

केमिस्ट्रीवाला
४० गुणिले १५ म्हणजे ६०० चौरस सेंमी, म्हणजे पातळी १ सेंमी उतरली की ६०० मिली पाणी गेलं. ३ सेंमी म्हणजे १.८ लिटर, तेही अर्ध्या तासात. तासाला ३.६ लिटर, दिवसाला ८६ लिटर. गोल कोपऱ्यांचं थोडं वजा करा, तरी ८० च्या आसपास राहतंच. आणि हे ८० लिटर जड पाणी रोज टाकीतून जातं म्हणजे खारही आणखी साचतो.

निशाचर
८० लिटर!! आणि मी दात घासताना नळ बंद ठेवते 😭

बंड्या७
मग व्हिनेगर बिनेगर कशाला, बाथरूमचं जहाल अ‍ॅसिड ओता टाकीत, पाच मिनिटांत खार साफ.

पाणक्या
नको रे बाबा. ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आहे, खार खातं हे खरं पण टाकी कमोडला ज्या बोल्टांनी आवळलेली असते ते बोल्ट पण खातं, आणि त्याची वाफ सुद्धा धातूला गंजवते. बोल्ट गंजला की टाकी खालून गळायला लागते आणि मग सगळी उतरवावी लागते. त्यात गोळीचा क्लोरीन शिल्लक असेल तर विषयच संपला.

निशाचर, तुम्ही असं करा. गोळी काढलीत की पाचसहा वेळा पूर्ण फ्लश करा, प्रत्येक वेळी टाकी भरू द्या. तळाशी चुरा दिसत असेल तर तो चमच्याने काढा, नुसत्या फ्लशने जाईल या भरवशावर राहू नका. क्लोरीनचा वास पूर्ण जाईपर्यंत पुढचं काही नाही, शक्य असेल तर एक दिवस मध्ये जाऊ द्या.

मग कॉक बंद, फ्लश, आणि तळाचं उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. झाकण जमिनीवर जुन्या टॉवेलवर आडवं ठेवा, भिंतीला टेकवून उभं ठेवलेलं झाकण घसरून फुटलेलं मी बघितलंय आणि सुटं झाकण सहजी मिळत नाही. आता आधी बुळबुळ. भांडी घासायचा साबण आणि मऊ नायलॉनचा ब्रश, कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश. फ्लोट, दांडी, ओव्हरफ्लोच्या नळीची बाहेरची बाजू सगळं घासायचं. तारेची घासणी नको, चरे पडतात आणि बुळबुळ पुढच्या वेळी त्याच चऱ्यांत घट्ट बसते. घासून झालं की मगाने पाणी ओतून फ्लश. बुळबुळ आधी काढायची याला कारण आहे, ती खारावर बसलेली असेल तर आम्ल खारापर्यंत पोचत नाही.

स्वरा_म
खारासाठी मी खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकते, मस्त फेस येतो आणि सगळं वर येतं. ते नाही का चालणार?

केमिस्ट्रीवाला
फेस छान दिसतो पण व्हिनेगरचं आम्ल सोड्याशीच लढून संपतं, खारासाठी काही उरत नाही. सोड्याने थोडं घासलं जातं तेवढाच फायदा. वेगवेगळे वापरा. आणि नुसत्या व्हिनेगरची पण मर्यादा आहे. साधारण ५ टक्क्यांचं व्हिनेगर लिटरभर घेतलं तर ते जास्तीत जास्त ४० ग्रॅम खार विरघळवेल, तेही पुरेसा वेळ दिला तर. बंड्याने सांगितल्यासारखी एक बाटली भरलेल्या टाकीत ओतली तर ते ८ लिटर पाण्यात इतकं पातळ होतं की सकाळी वास येतो आणि खार तसाच. म्हणून टाकीसाठी सायट्रिक अ‍ॅसिडची पूड बरी, वास नाही, हवं तेवढं तीव्र करता येतं, आणि लोहाच्या तपकिरी डागांवर व्हिनेगरपेक्षा जास्त चालते.

निशाचर
किती टाकू मग? आणि गरम पाण्यात केलं तर लवकर होईल ना?

केमिस्ट्रीवाला
तुमच्या टाकीला २५० ते ३०० ग्रॅम. कोमट पाण्यात आधी विरघळवा, कोमटच हं. फार गरम पाण्यात उलट कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा साका बसू शकतो जो मग काढायला त्रास. शिवाय थंड सिरॅमिकवर उकळतं पाणी ओतलं तर तडा जायची भीती वेगळीच.

पाणक्या
आणि ते पाणी खाराच्या पट्ट्यापर्यंत पोचलं पाहिजे, बहुतेकांचं इथेच चुकतं. पट्टा नेहमीच्या पातळीच्या जरा वरपर्यंत असतो. म्हणून कॉक उघडून टाकी नेहमीएवढी भरू द्या, कॉक बंद करा, एक मोठा मग पाणी काढून घ्या, त्यात पूड विरघळवून परत ओता. मग वरून साधं पाणी ओतत पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली बोटभर राहील इतकी चढवा. तुमची तर गळती आहे त्यामुळे पातळी उतरत राहणार. अर्ध्या अर्ध्या तासाने बघून पाणी घालत बसलात तर द्रावण पातळ होत जाईल. त्यापेक्षा पट्ट्यावर चिंध्या घट्ट सायट्रिकमध्ये भिजवून चिकटवा, अर्धा मग पाण्यात चारपाच चमचे पूड. तीन तास. मध्ये एकदा प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच खरवडून बघा, खार मऊ झाला असेल तर पापुद्रे निघतात. सुरी, स्क्रूड्रायव्हर नको. आणि जमिनीवर संगमरवर असेल तर थेंब पडू देऊ नका, तोही खारासारखाच आहे, आम्लाने त्याची झळाळी जाते.

मधला फ्लश व्हॉल्व्ह पण बाहेर काढा. दोन बटणांच्या टाकीत तो बहुतेक वेळा पाव फेरा फिरवला की वर निघतो. त्याच्या बुडाशी रबरी चकती असते तेच सील. तिच्यावर बोट फिरवा आणि काय दिसतं ते इथे लिहा.

आजोबा_ऑनलाइन
छान माहिती. आमच्याकडे अजून साखळी ओढायची लोखंडी टाकी होती तेव्हा हे काही नव्हतं. वर्षातून एकदा कोणीतरी साखळी तोडायचं बस.

निशाचर
झालं एकदाचं! लांब लिहिते, माफ करा. बुळबुळ साबणाने दहा मिनिटांत गेली, गुलाबी पण. खाराला मात्र दम लागला. चिंध्या तीन तास ठेवल्या तेव्हा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला पण खालचा बसूनच होता, मग पुन्हा नवीन द्रावण करून चिंध्या ठेवल्या तेव्हा नव्वद टक्के निघाला. एका कोपऱ्यात अजून थोडा आहे, सोडून दिलाय.

व्हॉल्व्ह फिरवला तर निघाला. चकतीवर बोट फिरवलं तर बोट काळं झालं! काजळासारखं, धुतलं तरी पटकन जाईना. चकती एका बाजूला फुगल्यासारखी लाटालाटांची झालीये, आणि ही नेमकी ज्या बाजूला गोळी पडलेली असायची तीच बाजू. ती जिथे टेकते त्या गोल कडेवर पण खाराचे बारीक कण होते, ते सायट्रिकच्या फडक्याने पुसले.

पाणक्या
काळं लागलं म्हणजे रबर मेलं. ते सायट्रिकने किंवा कशानेही परत नीट होत नाही, बदलायचंच. काही जण उलटं करून लावतात, थोडे दिवस चालतं पण मी सांगणार नाही. जुनी चकती नमुना म्हणून बरोबर न्या, एका मिलिमीटरचा फरक असला तरी गळते. नवीन बसवायच्या आधी त्या गोल कडेवरून बोट फिरवा, कुठेही खरखर लागली तर परत पुसा. आणि साफ केल्यावर सुटलेले पापुद्रे तळाशी असतात, ते उपसून मगच पहिलं फ्लश, नाहीतर नव्या सीलखाली तेच अडकतात किंवा कमोडच्या कडेच्या भोकांत जाऊन बसतात.

आजोबा_ऑनलाइन
म्हणजे गाळ उपसायचाच होता शेवटी 🙂

निशाचर
आजोबा 🙏😄
नवीन चकती बसवली. पेन्सिलची खूण परत केली, अर्ध्या तासात पातळी हललीच नाही. रंग टाकून पण बघितलं, कमोडमधलं पाणी स्वच्छ. फ्लोटची दांडी खारामुळे अडकून पाणी कमी भरत होतं, ती आता मोकळी झालीये, फ्लश जोरात येतंय. पण सूं सूं आवाज कमी झालाय, गेला नाहीये. टाकी भरत असताना शेवटी शेवटी येतो आणि मग थांबतो.

पाणक्या
मग तो इनलेट व्हॉल्व्हच्या आतल्या पडद्यात खार किंवा रेतीचा कण असणार. पाणी भरणं थांबतंय ना, मग घाई नाही. कॉक बंद करून व्हॉल्व्हची टोपी फिरवून उघडता येते, आतला रबरी पडदा साध्या पाण्यात धुवा, मग टोपी न लावता वर उलटा मग धरून कॉक क्षणभर उघडा म्हणजे कण बाहेर उडतो. मग न धरता उघडलात तर आंघोळ. पण प्रत्येक बनावटीची टोपी वेगळी असते, जोर लावून निघत नसेल तर तोडू नका, प्लंबरला दाखवा.

स्वरा_म
आता गोळीऐवजी काय वापरायचं ते पण सांगा कोणीतरी. कमोडच्या कडेला अडकवायची जाळीवाली चालते का?

पाणक्या
टाकीपेक्षा ती बरी, तिचं पाणी टाकीतल्या रबराला लागतच नाही. आम्लवालं क्लीनर टाकायच्या दिवशी मात्र ती काढून ठेवा, तिच्यातही क्लोरीन असू शकतो. टाकीत मी काहीच टाकत नाही. तीनचार महिन्यांनी झाकण उघडून ब्रश मारला की बुळबुळ जमायच्या आत जाते.

बंड्या७
आणि ज्यांचं सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं त्यांचं काय? आमच्या प्लंबरने सांगितलं गोळीमुळे तिथले जिवाणू मरतात आणि टँक भरतो. आमचा तर अजून नाही भरला.

केमिस्ट्रीवाला
टाकीतून जाणारा क्लोरीन वाटेतल्या मैल्याशीच बराचसा संपून जातो, त्यामुळे एका गोळीने सगळा टँक बंद पडेल असं मला वाटत नाही. पण घरात चार संडास आणि चारही टाक्यांत गोळ्या असतील तर छातीठोकपणे काही सांगणार नाही.

पाणक्या
मी यांच्याशी सहमत नाही, माझ्या अनुभवात गोळ्या वापरणाऱ्यांचे टँक लवकर उपसावे लागले. पण त्याला इतर कारणंही असतील, मान्य.

रेवती
आमची टाकी भिंतीत बसवलेली आहे, वर फक्त बटणांची पट्टी दिसते. मी पट्टी काढली तर आत हात जेमतेम जातो आणि निळी गोळी एका कप्प्यात आहे. तो कप्पा त्यासाठीच दिलेला असेल तर ठेवू का?

पाणक्या
कप्पा दिलेला असला तर उत्पादकाने कुठल्या गोळ्या चालतील तेही लिहिलेलं असतं, क्लोरीनवाल्या बहुतेक नको म्हणूनच. भिंतीतल्या टाकीचं सील गेलं तर ते त्याच अरुंद खिडकीतून बदलावं लागतं, तेव्हा मी तर काढूनच टाकीन. आणि पट्टी काढलीच आहे तर आतला छोटा कॉक फिरतोय का तेवढं बघून घ्या, तो खाराने घट्ट झाला असेल तर गळतीच्या दिवशी सगळ्या घराचं पाणी बंद करावं लागेल.

रेवती
फिरत नाहीये 😐 नवीन धागा काढते.